जमलं तर बघ ना: कालच्या जोडीदारांना काम देताना झालेला घोळ

ही माझीच केस आहे, पहिल्यांदा टीम लीड झालो तेव्हाची. अकाउंट्सची टीम, मला धरून सहा जण, आणि त्यातल्या चार जणांसोबत मी चार वर्षं एकाच रांगेत बसून काम केलेलं. आमचं मुख्य काम म्हणजे महिनाअखेरीचं क्लोजिंग, म्हणजे महिना संपला की पाचव्या वर्किंग डेपर्यंत बुक्स बंद करायची आणि एमआयएस, म्हणजे महिन्याच्या आकड्यांचा अहवाल, वर पाठवायचा. लीड झाल्यावरच्या पहिल्या महिन्यात आम्ही सहाव्या दिवशी बंद केलं, दुसऱ्या महिन्यात आठव्या. आणि त्या आठव्या दिवशीच्या एमआयएसमध्ये खर्चाचा एक आकडा चक्क दुप्पट गेला होता.

तो आकडा कसा दुप्पट झाला ते नीट सांगतो कारण अख्खी केस त्यातच आहे. महिन्यात सेवा घेतली पण बिल आलेलं नाही, अशा खर्चाची तरतूद टाकावी लागते, अंदाजाने खर्च त्याच महिन्यात धरायचा आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ती एन्ट्री रिव्हर्स करायची, मग खरं बिल येईल तेव्हा खरा आकडा बसतो. हे काम आधी माझ्याकडे होतं. लीड झाल्यावर ते दुसऱ्याला द्यायला हवं हे मला कळत होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या दोस्ताच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणालो, "अरे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तरतुदी राहिल्यात, जमलं तर बघ ना." तो म्हणाला, "बघतो." एवढंच. रात्री साडेनऊला मी घरून सिस्टीम उघडली, यादीवर टिक दिसली नाही, मनात म्हटलं याला कुठे वेळ मिळाला असणार, बिचारा आधीच दमलेला, आणि तीन व्हेंडरच्या तरतुदी मीच टाकून मोकळा झालो. त्याने त्या संध्याकाळी सातलाच टाकल्या होत्या, यादीवर टिक करायची तेवढी राहिली होती.

आता कोणी विचारेल की दोन एन्ट्र्या झाल्या तर तपासणीत कशा सापडल्या नाहीत. तर गंमत अशी की माझे जुने एन्ट्री टाकायचे हक्क अजून काढलेले नव्हते आणि नवीन अप्रूव्ह करायचे हक्क मिळाले होते, त्यामुळे मीच टाकली आणि मीच अप्रूव्ह केली. अकाउंट्समध्ये मेकर आणि चेकर वेगळे हवेत हा अगदी पहिला नियम, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने बघायचं, आणि मी चार वर्षं दुसऱ्यांना तो ऐकवत आलेलो. दोस्ताची एन्ट्रीही मीच अप्रूव्ह केली, दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदम वीस एन्ट्र्या सिलेक्ट करून.

मॅडमनी, म्हणजे माझ्या बॉसनी, आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "हे काम नक्की कोणाचं होतं?" मी जवळजवळ दोन मिनिटं बोललो आणि त्यात एक नाव घेऊ शकलो नाही.

तोपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की मी कामसू आहे, टीमवर ओझं टाकत नाही, चांगला माणूस आहे वगैरे. खरं कारण वेगळं होतं. काल ज्याच्या खांद्यावर हात टाकून मॅनेजरची नक्कल करायचो त्यालाच आज "हे तू कर, गुरुवारपर्यंत" म्हणायची मला लाज वाटत होती, आणि ती लाज मी "जमलं तर", "वेळ मिळाला तर", "जरा बघशील का" अशा शब्दांत गुंडाळून देत होतो. जोडीदार जोडीदाराला मदत मागतो ना, ती ही भाषा. मदतीत नाही म्हणायची मोकळीक असते, तारीख नसते, आणि झालं की नाही ते कळवायची जबाबदारीही नसते. म्हणजे काम मी दिलं होतं पण दिलेलं नव्हतं, आणि समोरच्याने घेतलं होतं पण त्याला ते घेतल्यासारखं वाटत नव्हतं. चूक दोस्ताची नव्हती हे कळायला मला दोन दिवस लागले, कबूल करतो.

मग मॅडमच्या सांगण्यावरून मी क्लोजिंगची सगळी कामं एका शीटवर काढली. ३४ ओळी झाल्या. प्रत्येकीसमोर मागच्या महिन्यात ते खरंच कोणी केलं त्याचं नाव लिहायचं, कोणाचं असायला हवं होतं ते नाही. १५ ओळींसमोर माझं नाव. ही शीट बनवायला दीड तास लागला आणि हा दीड तास कोणीही नवीन मॅनेजरने पहिल्या महिन्यातच काढावा असं माझं मत आहे, कारण डोक्यात असतं तोवर आपण फार थोडं स्वतःकडे ठेवलंय असंच वाटत राहतं.

त्या १५ मधली जी माझ्या खुर्चीशिवाय होऊच शकत नव्हती ती निघाली फक्त ४: एन्ट्र्यांचं अप्रूव्हल, एमआयएसचा शेवटचा रिव्ह्यू, दुसऱ्या डिपार्टमेंटशी अडलेली भांडणं सोडवणं, आणि कोणाची रजा, कोण कुठे कमी पडतंय हे बघणं. उरलेली ११ मी केवळ येतात म्हणून करत होतो, चार बँक खात्यांच्या रिकोसकट, म्हणजे बँकेचे आकडे आणि आमच्या नोंदी जुळवणं, ज्या मला आवडायच्या. आवडायच्या हे महत्त्वाचं आहे बरं का. नवीन जागी दिवसभर काही कळत नसायचं, मीटिंगमधून बाहेर आल्यावर नक्की काय काम केलं तेही सांगता यायचं नाही, पण रिको जुळली की खाली शून्य फरक दिसायचा आणि जिवाला बरं वाटायचं. आपण जे सोडत नाही त्यात असं काहीतरी असतंच.

शीटवर अजून एक गोष्ट दिसली जी मला जास्त टोचली. मी जी थोडी कामं खरंच दुसऱ्यांना दिली होती त्यातली बहुतेक सगळी एकाच मुलीकडे गेली होती, टीममधली सगळ्यात नवी, वर्षभरापूर्वी आलेली. कारण ती कधी माझी जोडीदार नव्हतीच, ती पहिल्यापासून मला "तुम्ही" म्हणायची, तिला सांगताना माझी जीभ अडायची नाही. म्हणजे काम कोणाला येतं किंवा कोणाकडे वेळ आहे हे न बघता, कोण नाही म्हणणार नाही एवढंच मी बघत होतो. ती रोज उशिरापर्यंत बसत होती आणि मला ती उत्साही वाटत होती.

आता ताईंबद्दल. टीममध्ये सगळेच त्यांना ताई म्हणतात, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, व्हेंडर रिकोमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि ज्या जागेवर मी बसलो त्या जागेसाठी त्यांनीही अर्ज केला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी तर त्यांना काही सांगायचंच टाळत होतो, आणि अगदी सांगावंच लागलं तर आधी दोन वाक्यं माफीची, "ताई, सॉरी हं, तुम्हाला सांगायला बरं नाही वाटत पण." शेवटी मी त्यांच्यासोबत अर्धा तास एका खोलीत बसलो. तयारी करून गेलो होतो की त्यांचं कौतुक करू, अनुभवाबद्दल बोलू. पहिल्या पाच मिनिटांतच त्या म्हणाल्या, "तू माफी मागतोस ना, त्याचाच जास्त त्रास होतो. जागा मला मिळाली नाही ते माझं मी बघीन. पण तू मला कामच देत नाहीस, मग मी इथे करू काय?"

मी जे ठरवून गेलो होतो त्यातलं निम्मं सोडून दिलं आणि सरळ विचारलं की तुम्हाला कुठलं काम पूर्ण तुमच्या हातात हवंय. त्यांनी व्हेंडर रिको सांगितली, पण नुसती करायला नाही, निर्णयासकट. आधी कसं असायचं, व्हेंडरच्या स्टेटमेंटमध्ये आणि आपल्या लेजरमध्ये फरक निघाला की तो छोटा असो की मोठा, नोंद लीडकडे यायची आणि लीड सांगेल तसं व्हायचं. आम्ही एक मर्यादा ठरवली, तिच्या आतल्या फरकाचं कारण सापडलं असेल तर काय करायचं ते ताई ठरवतील आणि मला महिन्याच्या शेवटी फक्त यादी मिळेल, मर्यादेबाहेरचं किंवा कारण न सापडलेलं असेल तेवढंच माझ्याकडे येईल. माझ्या मते अनुभवी जुन्या सहकाऱ्याला काम देण्यात खरी मेख हीच आहे, नुसतं काम दिलं तर ते ओझं होतं आणि त्यातला निर्णय दिला तर मान राहतो. एक सावधगिरी मात्र सांगतो, पद हुकलं म्हणून समजूत काढायला चकचकीत काम देऊ नका. मला तो मोह झाला होता, एक नवीन सॉफ्टवेअरचं प्रेझेंटेशन त्यांना द्यावं असं वाटलेलं. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता.

दोस्ताचं प्रकरण जास्त अवघड गेलं, कारण तिथे राग नव्हता, मस्करी होती. तरतुदींचं काम मी त्याला पुन्हा दिलं, यावेळी नीट, तरी पहिल्या खेपेला तारीख हुकली आणि विचारल्यावर तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "हो साहेब, करतो साहेब." सगळे हसले, मीही हसलो. आणि हसलो म्हणजे तारीख हुकली तरी चालतं हे मीच सांगून बसलो. त्या संध्याकाळी त्याला बाजूला घेतलं. आधी मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायला लागलो, तो वाट बघत राहिला, मग म्हणालो, "हे बघ, आपण मित्र आहोत त्यात काही बदललेलं नाही. पण तरतुदी काल दुपारी चारला हव्या होत्या, आज सकाळी अकराला आल्या, त्यामुळे एमआयएस अर्धा दिवस अडला. काय झालं होतं?" एवढंच, मागचं काही उकरलं नाही, तू नेहमीच असा वगैरे नाही. तो जरा गप्प झाला आणि मग खरं कारण आलं, ट्रान्सपोर्टच्या फेऱ्यांचे आकडे ज्या डिपार्टमेंटकडून येतात ते शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला पाठवतात, अर्ध्या तासात तो तरी काय करणार. ते काम माझ्याकडे होतं तेव्हा मी ओळखीने आदल्या दिवशी फोन करून आकडे काढून घ्यायचो आणि ही गोष्ट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती! काम दिलं, त्याच्या पोटातली युक्ती माझ्याकडेच राहिली. त्या डिपार्टमेंटला लेखी कळवून आकड्यांची वेळ आदल्या दिवशीवर आणणं हे मात्र माझं काम होतं, ते मी केलं.

त्यानंतर काम देताना मी एक मेसेज लिहायला लागलो. तोंडी बोलायचंच, पण बोलून झालं की हा मेसेज. दोस्ताला पाठवलेला जवळजवळ असाच होता:

"तरतुदींचं काम या महिन्यापासून तुझं. तिसऱ्या वर्किंग डेला दुपारी ४ पर्यंत सगळ्या एन्ट्र्या सिस्टीममध्ये आणि मागे हिशोबाची शीट जोडलेली हवी. अंदाज कसा धरायचा ते तू ठरव, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा फार वेगळा आला तर टाकायच्या आधी मला सांग. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या दोन व्हेंडरचं दहा मिनिटं सोबत बघू. अडलास तर त्याच दिवशी सांग, चौथ्या दिवशी नको. मी यातली एकही एन्ट्री टाकणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम वाचा. ते त्याच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त होतं, आणि त्याच आठवड्यात मी आयटीला सांगून माझे एन्ट्रीचे हक्क काढून टाकले. रात्री साडेनऊला हात शिवशिवले तरी बटणच नव्हतं. स्वभावावर फार विसंबू नये असं माझं प्रामाणिक मत आहे, रस्ताच बंद करावा.

मेसेजमधलं ते दुसऱ्या दिवशीचं दहा मिनिटांचं बघणंही कामाचं निघालं. आधी मी एकतर काहीच बघायचो नाही, किंवा दर दोन तासांनी "झालं का?" म्हणून डोकावायचो, आणि जुन्या जोडीदाराला ते डोकावणं फार झोंबतं, कालपर्यंत ह्याला माझ्यावर विश्वास होता आणि आज नाही असं वाटतं. आधीच ठरलेली वेळ असली की ते डोकावणं राहत नाही. आणि तपासणी सुरुवातीला केली तर दोन व्हेंडरमध्येच कळतं की पद्धत चुकतेय का, शेवटी केली तर चाळीस एन्ट्र्या परत कराव्या लागतात आणि मग आपणच म्हणतो, राहू दे, मीच करतो.

मीच करतो ची दुसरी वाट म्हणजे परत आलेलं काम. बँक रिको मी त्या नव्या मुलीवर न टाकता दुसऱ्या एका सहकाऱ्याला दिली, तो चौथ्या दिवशी आला, "दोन आकडे जुळत नाहीयेत, जरा बघतोस का?" माझं तोंड आपोआप "पाठव" म्हणालं आणि क्षणात काम माझ्या मेलबॉक्समध्ये. या गोष्टीवर विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांचा १९७४ चा एक लेख प्रसिद्ध आहे, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला, त्यात ते म्हणतात की प्रत्येक काम म्हणजे एक माकड, आणि मॅनेजर "मी बघून सांगतो" म्हणाला की माकड त्याच्या पाठीवर उडी मारतं. जुन्या जोडीदारांच्या बाबतीत ही उडी जास्त सहज होते असा माझा अनुभव, कारण चार वर्षं आम्ही एकमेकांच्या फायली अशाच सोडवत आलेलो आणि त्या कामात मी सगळ्यात वेगवान होतो, त्यांना ते माहीत आहे आणि मलाही ते दाखवायचं असतं.

मी मग फाइल मागवायच्या ऐवजी त्याच्या डेस्कवर जायला लागलो. माउस त्याच्या हातात. "काय काय बघून झालंय? तुला काय वाटतं?" त्या दिवशी त्याने बँक चार्जेस तपासले होते, न वटलेले चेक तपासले होते, पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे नोंदलेली आणि बँकेत दुसऱ्या दिवशी उतरलेली रक्कम बघितली नव्हती. मी विचारलं, "तारखा बघितल्यास का?" आणि उठलो. वीस मिनिटांनी त्याने लांबूनच अंगठा दाखवला. मी केलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, खरंय. पण पुढच्या महिन्यात तो फरक त्याने विचारायच्या आधीच काढलेला होता.

हे सगळीकडे चालत नाही. क्लोजिंगच्या शेवटच्या दुपारी, वरून फोन येत असताना "तुला काय वाटतं" विचारत बसणं म्हणजे छळ आहे, तेव्हा सरळ उत्तर द्यावं आणि शिकवणं नंतर. पगाराचे आकडे, अप्रेझल, दोन सहकाऱ्यांमधली तक्रार हे जुन्या मित्राकडे द्यायचं नाही, त्याने कितीही मदत करू का विचारलं तरी. आणि ज्याच्याकडे सिस्टीमचे हक्कच नाहीत त्याला काम देऊन मग तो सारखा विचारायला येतो म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत सुटली नाही. आमचा जुना ग्रुप हळूहळू शांत झाला, आणि एक दिवस दोस्ताच्या मोबाइलवर नजर गेली तेव्हा कळलं की पाच जणांचा वेगळा ग्रुप झालाय, माझ्याशिवाय. दोन दिवस वाईट वाटलं. मग आठवलं की आधीचा मॅनेजर होता तेव्हा आमचाही तसा ग्रुप होता आणि तो काढणारा मीच होतो. मी विषय काढला नाही.

तिसऱ्या महिन्यात क्लोजिंग सातव्या दिवशी झालं, चौथ्यात सहाव्या, पाचव्यातही सहाव्याच. बँक रिकोची शीट आता माझ्या पद्धतीची नाही, रंग भडक आहेत, बेरीज वर आहे, मला बघवत नाही पण खाली फरक शून्य येतो. त्या पाचव्या महिन्यात तिसऱ्या दिवशी साडेतीनला दोस्ताचा मेसेज आला, "तरतुदी टाकल्या, शीट ताईंना दाखवली, तुझ्याकडे अप्रूव्हलला आहेत." यावेळी वीसच्या वीस सिलेक्ट न करता एकेक उघडून बघितल्या. एका एन्ट्रीत व्हेंडरचा कोड चुकला होता, मी दोन सेकंदांत बदलला असता, पण हक्कच नव्हते. रिजेक्ट दाबलं, कारणाच्या जागी "कोड बघ" लिहिलं. दहा मिनिटांनी एन्ट्री दुरुस्त होऊन परत आली, खाली रिमार्कमध्ये "झालं साहेब".